कॉर्ड किती वेळाने बदलायची? चाल बांधणाऱ्या नवख्यांसाठी हार्मोनिक ऱ्हिदमचा पायरीवार सराव

माझी पहिली पूर्ण चाल मला स्वतःलाच कंटाळवाणी वाटत होती. सूर बरे होते आणि कॉर्डही चुकीच्या नव्हत्या. तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत ऐकणारा इकडेतिकडे बघायला लागायचा. मी ड्रम वाढवले, मग बास वाढवला, टेम्पो 80 वरून 88 वर नेला. काहीच हललं नाही. बऱ्याच दिवसांनी एका अनुभवी वादकाने कागदावरच्या कॉर्डवरून फक्त बोट फिरवलं आणि विचारलं, "अहो, हे सगळं एकाच पावलाने का चालतंय?" पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत दर बारला एक कॉर्ड होती. कुठे थांबणं नाही, कुठे धावणं नाही.

कॉर्ड किती वेळाने आणि कुठल्या मात्रेवर बदलते, याला हार्मोनिक ऱ्हिदम म्हणतात. ड्रमचा ठेका वेगळा, गाण्याचा टेम्पो वेगळा आणि हा वेगळा. तिघांची गल्लत हीच बहुतेकांची पहिली चूक असते, माझीही होती. ज्यांना तीन-चार कॉर्ड वाजवता येतात, स्वतःची चाल बांधायची आहे, पण ती 'पुढे सरकत नाही' किंवा 'दमून जाते' असं वाटतं, त्यांच्यासाठी मी ज्या क्रमाने शिकलो तो क्रम इथे मांडतो आहे.

काय लागेल

- कीबोर्ड, हार्मोनियम किंवा गिटार, म्हणजे कॉर्ड वाजवता येईल असं कोणतंही वाद्य
- मेट्रोनोम (फोनवरचा चालेल)
- आवाज रेकॉर्ड करायची सोय, फोन पुरे
- चौकटींची वही आणि पेन्सिल. खोडरबर विसरू नका, इथे सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो.

उदाहरणं सगळी सी मेजरमध्ये, चार मात्रांच्या बारमध्ये आहेत आणि सा म्हणजे सी धरला आहे. कॉर्डच्या नावापुढे काही लिहिलं नसेल तर ती मेजर समजा. 'मा.' म्हणजे मायनर.

## 1. आधी फक्त मोजा

तुम्हाला नीट माहीत असलेलं एखादं गाणं घ्या. वहीत एका ओळीत आठ चौकटी काढा, एक चौकट म्हणजे एक बार. गाणं लावा आणि कॉर्ड बदलली असं वाटेल तिथे उभी रेघ मारा. कॉर्डचं नाव ओळखायची गरज नाही. 'इथे जमीन सरकली' एवढंच टिपायचं आहे. पहिल्या खेपेला बासकडे कान द्या, कारण बदल तिथे सगळ्यात सोपा ऐकू येतो.

इथे एक सापळा आहे. हात वेगाने चालतोय म्हणजे कॉर्डही वेगाने बदलतेय असं नसतं. बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर'च्या पहिल्या भागातला (1722) सी मेजर प्रेल्यूड ऐका. सोळांश स्वर सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत अखंड वाहत असतात. पण बहुतेक सगळ्या बारांत कॉर्ड एकच, तीच दोनदा मोडून वाजवलेली. वरचं पाणी झुळझुळतंय आणि खालची कॉर्ड संथपणे, दर बारला एकदा सरकतेय. माझ्या वहीत या तुकड्यासाठी आधी दर अर्ध्या बारला रेघ होती, ती सगळी खोडावी लागली.

हाच तुकडा आणखी एक गोष्ट शिकवतो. 35 बारांपैकी 24 ते 31 या आठ बारांत बास एका जागी, खालच्या पंचमावर, रोवून ठेवलेला आहे आणि वर कॉर्ड मात्र बदलत राहतात. मग इथे हार्मोनिक ऱ्हिदम संथ म्हणायचा की आधीसारखाच? दोन्ही. वरचा थर दर बारला सरकतो, खालचा आठ बार हलत नाही, आणि या ओढाताणीतूनच शेवट जवळ आल्याचा ताण तयार होतो. म्हणून मोजताना दोन ओळी ठेवा, एक कॉर्डची आणि एक बासची.

उलटंही घडतं. कॉर्ड तीच असते आणि बास फक्त सी वरून ई वर जातो. हा पूर्ण बदल नव्हे. मी अशा ठिकाणी तुटक रेघ मारतो. चालता चालता एखादा सूर कॉर्डमध्ये येऊन गेला तर त्याला रेघच मारत नाही. रेघ मारायची की नाही असा संभ्रम पडला तर एक चाचणी करा: आधीचीच कॉर्ड धरून तो भाग वाजवा. चाल बिघडली नाही तर बदल वरवरचा होता.

## 2. बारांचे सेकंद करा

'दर बारला एक कॉर्ड' हे वाक्य टेम्पो सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. ऐकणाऱ्याला बार दिसत नाहीत, त्याला वेळ जाणवतो. हिशोब सोपा आहे:

60 ÷ टेम्पो × कॉर्ड टिकते त्या मात्रा = सेकंद

टेम्पो 80 असेल तर चार मात्रांचा बार 3 सेकंदांचा. टेम्पो 120 असेल तर तोच बार 2 सेकंदांचा, आणि 60 असेल तर 4 सेकंदांचा. म्हणजे 60 च्या टेम्पोत दर दोन मात्रांना बदलणारी कॉर्ड आणि 120 च्या टेम्पोत दर चार मात्रांना बदलणारी कॉर्ड घड्याळात सारखीच टिकते. तरी त्या सारख्या वाटत नाहीत, कारण पाय मात्रांवर हलतो. दोन्ही आकडे जवळ असू द्यात: सेकंद किती आणि मात्रा किती.

टोकं किती लांब असू शकतात हे बघायचं असेल तर जॅझमधलं 1959 हे साल घ्या. त्या वर्षी माइल्स डेव्हिसच्या गटाने 'सो व्हॉट' रेकॉर्ड केलं. त्यात पहिले सोळा बार एकाच डी डोरियन स्वरसमूहावर चालतात, मग आठ बार अर्ध्या स्वराने वर आणि पुन्हा आठ बार खाली. टेम्पो सुमारे 136 धरला तर पहिला खरा बदल यायला जवळजवळ 28 सेकंद लागतात. त्याच वर्षी जॉन कोल्ट्रेनने 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केलं. तिथे सोळा बारांत 26 कॉर्ड आहेत आणि टेम्पो 290 च्या आसपास. बहुतेक कॉर्ड दोन मात्रांच्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. गंमत म्हणजे 'सो व्हॉट'मध्ये टेनर सॅक्सोफोनवर कोल्ट्रेनच आहे. दोन्ही लागोपाठ ऐका आणि एकाच वादकाचं वाक्य कसं बदलतं ते बघा. पहिल्यात त्याला सूर लांबवायला, मागे वळायला, पुन्हा सुरू करायला जागा आहे. दुसऱ्यात प्रत्येक कॉर्ड त्याला पुढे ढकलतेय आणि त्याचे सूर त्या कॉर्डच्या पायऱ्यांना धरूनच धावतात.

हा मुद्दा चाल बांधणाऱ्याच्या थेट कामाचा आहे. कॉर्ड जितक्या भराभर बदलतील तितकं सुराचं स्वातंत्र्य आटतं. ज्या ओळीत गायकाने सूर खेचावा, हरकती घ्याव्यात असं तुम्हाला वाटतं, तिथे कॉर्डची गर्दी करू नका.

## 3. एकच सुरावट, चार वेगांत वाजवा

या पायरीला वेळ द्या. मला सगळं इथेच उमगलं. खालची सुरावट मी मुद्दाम साधी ठेवली आहे. प्रत्येक सूर दोन मात्रांचा, शेवटचा सा चार मात्रांचा. टेम्पो 80 ठेवा, म्हणजे आठ बार 24 सेकंदांत होतात.

| 1 | 2 | 3 | 4 | 5 | 6 | 7 | 8 |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ग प | ग सा | ध सां | ध म | प नी | प रे | ग प | सा |

उजव्या हाताने सुरावट वाजवा किंवा गुणगुणा, आणि साथीच्या कॉर्ड प्रत्येक खेपेला बदला. चारही खेपा रेकॉर्ड करा.

पहिली खेप, दर दोन बारला एक कॉर्ड:

सी सी | एफ एफ | जी जी | सी सी

एकूण चार कॉर्ड, प्रत्येकी 6 सेकंद. सुरावट ऐसपैस बसलेली वाटते. ऐकताना कॉर्डकडे लक्षच जात नाही, सगळं लक्ष सुरावर राहतं. शब्द महत्त्वाचे असतील तर मी याच खेपेकडे झुकतो.

दुसरी खेप, दर बारला एक:

सी | ए मा. | एफ | डी मा. | ई मा. | जी | सी | सी

शेवटचे दोन बार एकच कॉर्ड आहे, म्हणून सात कॉर्ड. चाल आता पावलं टाकतेय. हा वेग बहुतेकांच्या हाताला आपोआप येतो, आणि म्हणूनच तो निवडलेला नसतो, घडलेला असतो.

तिसरी खेप, दर दोन मात्रांना एक:

सी, ई मा. | ए मा., एफ | डी मा., ए मा. | एफ, डी मा. | ई मा., जी | सी, डी मा. | ए मा., जी | सी

पंधरा कॉर्ड, शेवटची सोडून प्रत्येक 1.5 सेकंदांची. आता प्रत्येक सुराला स्वतःची कॉर्ड आहे. एखाद्या स्तोत्राच्या सामूहिक गायनासारखा भारदस्तपणा येतो. बाखच्या कोरालमध्ये जवळजवळ दर मात्रेला कॉर्ड बदलते, तिथेही हाच भाव आहे. पण रेकॉर्डिंग पुन्हा ऐका: चौथ्या बारपर्यंत कान थकतो. प्रत्येक कॉर्ड सारखीच महत्त्वाची झाल्यामुळे कुठलीच महत्त्वाची राहत नाही. नवख्यांची एक समजूत असते, माझीही होती, की कॉर्ड वाढवल्या की गाण्यात जोर येतो. या खेपेत गजबज वाढते. जोर काही वाढत नाही.

चौथी खेप, संथ सुरुवात आणि वेग वाढवत शेवट:

सी | सी | एफ | डी मा. | ई मा., जी | सी, डी मा. | ए मा., जी | सी

दहा कॉर्ड. पहिली 6 सेकंद, मग दोन कॉर्ड प्रत्येकी 3 सेकंद, मग सहा कॉर्ड प्रत्येकी 1.5 सेकंद, आणि शेवटी सा वर पूर्ण 3 सेकंदांचा विसावा. सुरावट तीच, टेम्पो तोच, ड्रम नाहीत, आवाज वाढवलेला नाही. तरी पाचव्या बारपासून चाल शेवटाकडे ओढली जाते. उतारावर पाय आपोआप भराभर पडतात तसं काहीसं.

ही युक्ती माझी नाही, जुनीच आहे. बेथोव्हेनच्या ओपस 2 मधला पहिला पियानो सोनाटा (एफ मायनर, 1796 मध्ये प्रकाशित) सुरू होतो तेव्हा पहिले दोन बार एक कॉर्ड, पुढचे दोन बार दुसरी, मग पाचव्या आणि सहाव्या बारला एकेक, सातव्यात बदल आणखी दाट, आणि आठव्यावर जीव टांगणीला लावून थांबा. सुरावटीचे तुकडेही त्याच बेताने लहान होत जातात. पंधरा सेकंदांचाही मामला नाही, पण कॉर्डच्या खाली सेकंद लिहून बघाल तर उतार डोळ्यांना दिसेल.

चारही रेकॉर्डिंग एखाद्याला ऐकवा आणि 'यातलं सगळ्यात वेगवान कुठलं' असं विचारा. मी ज्यांना ऐकवलं त्यातल्या बऱ्याच जणांनी चौथं सांगितलं, तिसरं नाही. मी चक्रावलो होतो. आता कारण कळतं: कान मोजदाद ठेवत नाही, आधीशी तुलना करतो.

## 4. प्रत्येक बदल सारख्या वजनाचा नसतो

रेघा मोजल्या म्हणजे काम झालं असं समजू नका. सी (सी, ई, जी) वरून ए मायनर (ए, सी, ई) वर गेलात तर दोन सूर जागच्या जागी राहतात, फक्त एक हलतो. एफ (एफ, ए, सी) वरून जी (जी, बी, डी) वर गेलात तर तिन्ही सूर हलतात. वहीत दोन्ही ठिकाणी एकेक रेघ असली तरी कानाला पहिला बदल कूस पालटल्यासारखा वाटतो आणि दुसरा उठून चालू लागल्यासारखा.

आता दुसरी खेप पुन्हा बघा. सी, ए मा., एफ, डी मा. या चार कॉर्डमध्ये शेजारच्या प्रत्येक जोडीत दोन सूर समान आहेत. म्हणून कागदावर दर बारला बदल असूनही पहिले चार बार मऊ वाटतात. डी मा. वरून ई मा. वर जाताना मात्र एकही सूर समान नाही, आणि पाचव्या बारला एकदम दार उघडल्यासारखं होतं. वेग तोच असून जाणीव बदलली.

याचा उपयोग असा. चाल जड वाटतेय, पण सूर असे आहेत की कॉर्ड कमी करता येत नाहीत? मग बदलांची संख्या ठेवा आणि समान सूर जास्त असलेल्या कॉर्ड निवडा. चाल सपक वाटतेय, पण कॉर्ड वाढवल्या तर गर्दी होते? मग संख्या तीच ठेवून एखाद्या मोक्याच्या जागी समान सूर नसलेली जोडी ठेवा. वहीत मी अशा जोडीच्या मधली रेघ जाड करतो.

## 5. बदल कुठल्या मात्रेवर येतो ते पाहा

कॉर्ड बदलली की ऐकणारा नकळत म्हणतो, 'एक'. बारची पहिली मात्रा सांगायला ड्रमइतकाच, कधीकधी ड्रमपेक्षा जास्त, कॉर्डचा बदल कामाला येतो. म्हणून बदल पहिल्या मात्रेवर किंवा, अर्ध्या बारच्या कॉर्ड असतील तर, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ठेवले की चाल ठाम उभी राहते.

चुकलं की काय होतं ते मुद्दाम करून बघा. मेट्रोनोम सगळ्या मात्रांना सारखाच आवाज देईल असा लावा. प्रत्येक नवी कॉर्ड चौथ्या मात्रेवर सुरू करा आणि पुढच्या बारच्या तिसऱ्या मात्रेपर्यंत धरून ठेवा. चार-पाच बारांत तुमचाच पाय चौथ्या मात्रेला पहिली समजायला लागेल. हे नकळत झालं तर गायक एक मात्रा आधी उचलतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

यातून दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. एक, कॉर्ड अर्धी मात्रा आधी वाजवणं, म्हणजे चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात झेप घेणं. हे चालतं, छानही वाटतं, कारण ऐकणाऱ्याला ते पहिल्या मात्रेची घाई वाटते, नवी पहिली मात्रा वाटत नाही. अट एकच: बास आणि बाकीची साथ ती झेप एकत्र घेणार की पहिल्या मात्रेवरच थांबणार हे आधी ठरलेलं हवं. अर्धे लोक उडी मारतात आणि अर्धे थांबतात तेव्हा चिखल होतो. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. चौथ्या मात्रेवर नवी कॉर्ड आणली आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर तीच पुन्हा वाजवली, तर पहिली मात्रा शिळी होते. अशा वेळी चौथ्या मात्रेवर दुसरी एखादी जोडकॉर्ड ठेवा किंवा तिथे जुनीच कॉर्ड चालू द्या, आणि नवी पहिल्या मात्रेसाठी राखून ठेवा.

## 6. पूर्ण चालीचा आराखडा

आता माझ्या त्या कंटाळवाण्या चालीकडे येतो. टेम्पो 80. आठ बारांचं कडवं, ध्रुवपदाकडे नेणारा चार बारांचा तुकडा, आणि आठ बारांचं ध्रुवपद. वीसच्या वीस बारांत सी, ए मा., एफ, जी हेच चक्र, प्रत्येकी 3 सेकंद. मधल्या तुकड्यात मी सूर उंच नेला होता, पण कॉर्डचा आराखडा तसाच होता.

दुरुस्ती अशी झाली. कडव्यात तेच चक्र दुप्पट लांब केलं: सी दोन बार, ए मा. दोन बार, एफ दोन बार, जी दोन बार. एका फेरीत कडवं संपलं. प्रत्येक कॉर्ड 6 सेकंदांची झाल्यावर दोन ठिकाणी सूर टोचायला लागले, कारण ते आधी फक्त एफ साठी बांधले होते आणि आता त्यांच्या खाली ए मा. होती. ते सूर बदलावे लागले. हे काम टाळू नका. कॉर्ड लांबवली की तिच्या अंगावर येणारा प्रत्येक लांब सूर तपासावाच लागतो. झटकन येऊन जाणारे सूर खपतात, थांबणारे खपत नाहीत.

मधल्या चार बारांसाठी नवा आराखडा केला:

डी मा. | ई मा. | एफ, ए मा. | जी

पहिले दोन बदल 3 सेकंदांचे आहेत, पण डी मा. ते ई मा. आणि ई मा. ते एफ या दोन्ही जोड्यांत एकही समान सूर नाही, त्यामुळे पाऊल ठसठशीत पडतं. तिसऱ्या बारमध्ये वेग दुप्पट. आणि चौथ्या बारमध्ये मी मुद्दाम थांबलो, पूर्ण बार जी. या नव्या आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात तिथेही दोन कॉर्ड होत्या. त्या आवृत्तीत ध्रुवपद धडपडत यायचं, जणू कुणी मागून ढकललंय. धावून आल्यावर एक बार श्वास मिळाला की ध्रुवपदाच्या पहिल्या सी ला उभं राहायला जागा मिळते.

ध्रुवपदाला मी हातच लावला नाही. तेच सी, ए मा., एफ, जी, दर बारला एक. तरी ते वेगळं वाटायला लागलं. कडव्याच्या 6 सेकंदांनंतर 3 सेकंद चैतन्याचे वाटतात, आणि नुकत्याच संपलेल्या दीड सेकंदाच्या धावेनंतर तेच 3 सेकंद रुंदही वाटतात. इतके दिवस मी ध्रुवपदच दुरुस्त करत बसलो होतो.

ध्रुवपद नेहमी कडव्यापेक्षा वेगवान हवं असा मात्र नियम करू नका. कडव्यात दर दोन मात्रांना कॉर्ड बदलत असतील, शब्दही भराभर येत असतील, तर ध्रुवपदात एक कॉर्ड दोन-दोन बार धरून ठेवणं जास्त उठून दिसतं.

## 7. काही बिघडलंय हे कसं ओळखाल

शेवट लागत नाही. ओळ संपते पण विसावा मिळत नाही. बहुतेकदा शेवटच्या दोन बारांतला वेग आणि आधीचा वेग अगदी सारखा असतो. शेवटच्या आधीच्या बारमध्ये एक कॉर्ड वाढवून बघा, किंवा शेवटची कॉर्ड दुप्पट धरा.

टेम्पो वाढवला आणि चाल घाईची झाली. टेम्पो 80 वरून 120 वर नेलात की 1.5 सेकंदांची कॉर्ड 1 सेकंदाची होते. टेम्पो खरोखर वाढवायचा असेल तर आधी तिसऱ्या खेपेसारख्या दाट जागांमधली एकाआड एक कॉर्ड काढून टाका. मग हाताला आणि कानाला दोन्हीला पेलतं.

कॉर्ड कमी केल्या आणि चाल मेली. इथे दोष कॉर्डला देण्याआधी बाकी काय हलतंय ते बघा. वाग्नरच्या 'दास राइनगोल्ड'चं (पहिला प्रयोग 1869) सुरुवातीचं संगीत 136 बार ई फ्लॅट मेजरच्या एकाच कॉर्डवर उभं आहे. तरी ते वाढत राहतं, कारण एकेक वाद्य येऊन मिळतं, सुरांच्या लाटा दाट होत जातात, आवाज चढतो. कॉर्ड थांबवलीत तर लय, पोत किंवा आवाज यांपैकी एकाला तरी काम द्यावं लागतं. एकट्या गिटारवर एकाच ठोक्याने आठ बार एक कॉर्ड वाजवणं वेगळं, आणि ठोका दर दोन बारला थोडा दाट करत नेणं वेगळं.

साथीदाराला कॉर्ड लक्षात राहत नाहीत. हे लक्षण मी गांभीर्याने घेतो. चांगला वाजवणारा माणूस तिसऱ्यांदा वाजवतानाही अडखळत असेल तर बऱ्याचदा बदल अनियमित जागी पडलेले असतात: एका ओळीत तिसऱ्या मात्रेवर, दुसऱ्या ओळीत चौथ्या, आणि दोन्हीकडे सुरात तसं काही कारण नाही. शब्दांच्या वजनामुळे बदल सरकला असेल तर राहू द्या. निव्वळ वाजवताना हात तिथे पडला म्हणून आला असेल तर पहिल्या मात्रेवर परत न्या.

एक सवय मी अजून पाळतो. नवी चाल रेकॉर्ड केली की कॉर्डची नावं न लिहिता फक्त सेकंद एका ओळीत लिहून काढतो: 6, 6, 6, 6, 3, 3, 1.5, 1.5, 3, आणि पुढे. ओळीत वीस वेळा एकच आकडा आला तर वाद्य पुन्हा हातात घेतो.